भिंत पडते, चित्र अधांतरी राहते, पण हसू का येत नाही?

रेघोटी

नमस्कार. मी एका छोट्या थ्रीडी ॲनिमेशनपटावर काम करतो आहे आणि त्यातल्या एका शॉटने मला गेले तीन आठवडे अडवून ठेवले आहे. प्रसंग साधा आहे. एक माणूस भिंतीवर चित्र टांगतो, मागे सरकून समाधानाने त्याकडे पाहतो आणि तेवढ्यात भिंत मागच्या बाजूला आडवी कोसळते. चित्र मात्र खिळ्यासकट होते तिथेच हवेत लटकत राहते. माणूस थोडा वेळ पाहतो आणि मग हात पुढे करून ते तिरके झालेले चित्र सरळ करतो. स्टोरीबोर्डवर हा प्रसंग ज्यांना ज्यांना दाखवला ते सगळे हसले. ॲनिमेशन पूर्ण झाल्यावर मात्र तेच लोक नुसते "छान झालंय" म्हणतात.

शॉट २४ फ्रेम प्रति सेकंद या गतीने एकूण १४४ फ्रेमचा, म्हणजे ६ सेकंदांचा आहे. पहिल्या २० फ्रेममध्ये माणूस चित्रावरचे हात काढून घेतो आणि २० ते ४४ मध्ये दोन पावले मागे येतो. भिंत ४० व्या फ्रेमला कलू लागते आणि ६४ व्या फ्रेमला जमिनीवर आपटते, तेव्हा मोठा धुरळा उठतो. ६० व्या फ्रेमपासून त्याचे डोळे विस्फारू लागतात, ६८ ला तोंड उघडलेली पूर्ण पोझ येते आणि ती ११० पर्यंत तशीच थांबते. त्यानंतर तो दोन पावले पुढे जाऊन चित्र सरळ करतो. म्हणजे विराम दिलेला आहे आणि प्रतिक्रियाही आहे. मग नेमके काय निसटते आहे, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

चक्रधर

यावर एक ठरलेले गणित आहे. 'रोड रनर' कार्टूनचे दिग्दर्शक चक जोन्स यांनी स्वतः सांगून ठेवले आहे की त्यातला कोयोट कड्यावरून पडताना दूर जाऊन दिसेनासा होईपर्यंत १८ फ्रेम जातात आणि त्यानंतर १४ फ्रेमनी खाली धूळ उडते. १३ किंवा १५ फ्रेमना तो विनोद साधत नाही, असे त्यांचे मत होते. तुमचा विराम ६८ ते ११०, म्हणजे ४२ फ्रेमचा आहे आणि तो तिपटीने लांब आहे. तो १४ फ्रेमवर आणा, प्रश्न सुटेल. मी माझ्या सगळ्या कामांत हाच आकडा वापरतो.

जुनाकागद

चक्रधर यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते इथे लागू पडत नाहीत. कोयोटच्या त्या १४ फ्रेममध्ये पडदा जवळजवळ रिकामा असतो आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. तो फक्त आपटण्याची वाट पाहत असतो. हा वाट पाहण्याचा विराम झाला आणि त्याची लांबी त्या पडण्याच्या लयीवर ठरते. रेघोटी यांच्या शॉटमधला विराम वेगळ्या जातीचा आहे. भिंत पडल्यावर प्रेक्षकाला आधी एक विचित्र गोष्ट पाहायची आहे, मग ती अशक्य आहे हे त्याच्या ध्यानात यायचे आहे, आणि मग हसायचे आहे. हा समजण्याचा विराम आहे. या दोन विरामांना एकच आकडा लावला, तर दोन्हींपैकी एक तरी बिघडणारच.

आता मूळ शॉटबद्दल. आपण दिलेल्या फ्रेमच्या आकड्यांतच उत्तर आहे असे मला वाटते, पण त्याआधी एक विचारतो. तो धुरळा किती उंच उठतो आणि चित्र त्यातून पुन्हा स्पष्ट कधी दिसते?

रेघोटी

धुरळा माणसाच्या खांद्यापर्यंत येतो. त्याच्या सिम्युलेशनवर मी बरीच मेहनत घेतली आहे. चित्र ९० व्या फ्रेमच्या आसपास पूर्ण दिसू लागते.

जुनाकागद

म्हणजे माझी शंका खरी ठरली. आपला माणूस ६० व्या फ्रेमला चकित होऊ लागतो, त्या वेळी भिंत अजून जमिनीला टेकलेलीही नसते. प्रेक्षकाला हवेत लटकणारे चित्र ९० व्या फ्रेमला दिसते. पात्राला सगळे कळले त्याला सव्वा सेकंद होऊन गेला, आणि प्रेक्षकाला आत्ता कुठे कळते आहे. तोपर्यंत त्या चेहऱ्यावरचे आश्चर्य शिळे झालेले असते. प्रेक्षक चेहऱ्याकडे पाहून "हा भिंत पडल्यामुळे दचकला" असा अर्थ लावून मोकळा होतो, आणि भिंत पडल्यावर दचकण्यात हसण्यासारखे काहीच नाही. विनोद चित्र राहण्यात आहे, आणि त्यावरची प्रतिक्रिया आपल्या शॉटमध्ये प्रत्यक्षात आलेलीच नाही.

स्टोरीबोर्डवर लोक का हसले, तेही यातून समजते. तिथे एका पॅनेलमध्ये भिंत उभी होती आणि पुढच्या पॅनेलमध्ये ती नव्हती. धुरळा नव्हता. चित्र लगेच दिसले आणि पॅनेल उलटायला लागणारा वेळ हाच विराम झाला.

दुसरा दोष भिंत पडण्याच्या क्षणाचा आहे. माणूस ४४ व्या फ्रेमपर्यंत चालतो आहे आणि भिंत ४० व्या फ्रेमलाच कलू लागते. नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते, आणि इथे दोन गोष्टी हलतात. त्यातून भिंत २४ फ्रेम घेत हळूहळू सुरुवात करून पडते, त्यामुळे पहिल्या सात-आठ फ्रेममध्येच प्रेक्षकाला पुढचे कळते आणि धक्का बसत नाही. खरी भिंत तशीच हळू कलते, हे मान्य आहे. पण इथे भौतिकशास्त्राशी प्रामाणिक राहिलात तर भिंतच प्रेक्षकाला आगाऊ सूचना देते.

मी हा शॉट कसा मांडेन ते सांगतो, आकडे अंदाजाचे समजा. माणूस एकच पाऊल मागे येईल, २० ते ३६. ४२ पर्यंत कमरेवर हात ठेवून तो स्थिर होईल आणि ४२ ते ६६ ही चोवीस फ्रेम नुसता समाधानाने चित्राकडे पाहील. हा एक सेकंद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात प्रेक्षकाची खात्री पटते की काम झाले, आता शॉट बदलेल. ६७ ला भिंत पडू लागेल आणि ७८ ला आपटेल, म्हणजे बारा फ्रेम. पडण्याच्या पहिल्याच फ्रेमला ती दहाएक अंश कललेली असावी, सावकाश सुरुवात पूर्ण काढून टाका. धुरळा गुडघ्याच्या वर येऊ देऊ नका. आपली मेहनत वाया जाते याचे मला वाईट वाटते, पण तो धुरळा चित्रावरच बसतो आहे.

७९ पासून १०६ पर्यंत काहीही घडू नये. माणसाची नजर चित्रावरच होती आणि चित्र तर जागचे हललेलेच नाही, त्यामुळे त्याच्या नजरेलाही हलण्याचे कारण नाही. ९२ च्या सुमारास एकदा पापणी लवू द्या, बाकी शरीर तसेच. १०७ ला फक्त डोळे तीन फ्रेममध्ये खाली पडलेल्या भिंतीकडे जातील, १२३ पर्यंत तिथे थांबतील, १२४ ते १२६ मध्ये परत चित्राकडे येतील आणि १३८ पर्यंत तिथेच राहतील. मग १३९ ते १४६ मध्ये मान किंचित कलेल, जशी आपण तिरके चित्र पाहताना कलवतो. १५६ पर्यंत थांबा. १५७ ते १६४ मध्ये हात पुढे येऊन चित्र सरळ करेल आणि १८८ पर्यंत तो पुन्हा समाधानाच्या पोझमध्ये राहील. एकच पाऊल मागे आल्यामुळे हात जागेवरूनच पोहोचतो. दोन पावले चालत गेला, तर त्या चालण्यात मान कलण्याचा परिणाम विरून जातो.

पारिजात

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी इथेच विचारते. मी चॅटमध्ये वापरायचे हलते स्टिकर बनवते आणि ते तीन सेकंदांत संपून पुन्हा सुरू होतात. त्यात एका सेकंदाचा विराम द्यायला जागाच नसते. मांजर कपाटावरून उडी मारते, नेम चुकतो, पडते आणि पाहणाऱ्याकडे बघते, एवढेच त्यात आहे. बघण्याला मी फक्त ८ फ्रेम देऊ शकते.

जुनाकागद

पारिजात, जे पुन्हा पुन्हा सुरू होते, त्याचा विराम उडीच्या आधीही ठेवता येतो. मांजर आपल्याकडे पाहत असतानाच स्टिकर संपवा आणि त्याच पोझवर तो सुरू होईल असे करा, म्हणजे शेवटच्या आठ फ्रेम आणि सुरुवातीच्या दहा-बारा फ्रेम मिळून एक लांब नजर तयार होते. पहिल्या फेरीत ती नजर निरागस वाटेल आणि दुसऱ्या फेरीत फजितीची. मात्र त्यासाठी शेवटची आणि पहिली पोझ एकाच जागी असायला हवी, म्हणून मांजर कपाटावर परत कसे गेले हा प्रश्न उरतो. तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

मितभाषी

मी संकलन करतो, त्यामुळे माझी सूचना संकलनाची आहे. भिंत पडल्यावर थेट माणसाच्या चेहऱ्यावर क्लोजअप घ्या. लहान पडद्यावर दूरच्या शॉटमध्ये डोळ्यांची तीन फ्रेमची हालचाल कोणाला दिसणार? क्लोजअपमध्ये पापणी लवली तरी ती मोठी घटना होते.

जुनाकागद

ही अडचण खरी आहे. पण क्लोजअपमध्ये लटकणारे चित्र चौकटीबाहेर जाते, आणि माणूस व अधांतरी चित्र एकत्र दिसणे हाच या शॉटचा गाभा आहे. क्लोजअप घ्यायचाच असेल, तर प्रतिक्रिया कटच्या पहिल्या फ्रेमला सुरू करू नका. कटनंतर प्रेक्षकाच्या डोळ्यांना चेहरा शोधायला वेळ लागतो. सहा ते आठ फ्रेम चेहरा स्थिर ठेवून मग पापणी लवू द्या. तसे केले नाही, तर डोळे हलले होते हेच निसटते आणि नुसता बदललेला चेहरा दिसतो.

मितभाषी

तरीही मला क्लोजअपच योग्य वाटतो. चित्र चौकटीबाहेर गेले तरी प्रेक्षकाच्या डोक्यात ते राहते, आणि परत दूरच्या शॉटवर आल्यावर ते अजून तिथेच आहे हे पाहण्यात दुसरे हसू मिळू शकते.

जुनाकागद

त्या दुसऱ्या हसण्याचा विचार मी केला नव्हता. ते शक्य आहे. दोन्ही करून पाहिल्याशिवाय मी यावर ठामपणे काही सांगू शकत नाही.

चक्रधर

विरामाबद्दलचा आपला मुद्दा पटला. पण कार्टून दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांनी सांगितले होते की पडद्यावरची गोष्ट डोळ्यांतून मेंदूपर्यंत पोचायला साधारण ५ फ्रेम पुरतात, आणि म्हणून ऐरण डोक्यावर पडायची असेल तर ती आपटण्याच्या चार-पाच फ्रेम आधीच चौकटीत आणावी. मग भिंतीला बारा फ्रेम का? पाच फ्रेममध्ये पाडली तर धक्का अधिक बसेल. आणि एक भर घालतो, माझे प्रकल्प ३० फ्रेम प्रति सेकंदाचे असतात.

जुनाकागद

मग आपला १४ फ्रेमचा विराम इतके दिवस मूळ विरामापेक्षा छोटा पडत होता. २४ च्या गतीला १४ फ्रेम म्हणजे सुमारे ०.५८ सेकंद. ३० च्या गतीला तेवढ्याच वेळासाठी १७ किंवा १८ फ्रेम लागतील. आकडा घ्यायचा तर सेकंदांत बदलून घ्यावा.

भिंतीबद्दल सांगायचे, तर ऐरण ही चौकटीत बाहेरून येणारी छोटी, काळी, ओळखीची वस्तू आहे आणि ती कशावर आपटते हे प्रेक्षक पाहतोच. आपली भिंत अर्धी चौकट व्यापते. ती पाच फ्रेममध्ये नाहीशी झाली, तर अनेकांना तो कट किंवा रेंडरमधली चूक वाटेल आणि भिंत पडली हेच कळणार नाही. बारा फ्रेम मी एवढ्यासाठीच घेतल्या की ती मागे पडली, गायब झाली नाही, हे समजावे. दहावर आणून पाहायला हरकत नाही, आठवर मात्र मला धोका वाटतो.

तिसरा_ठोका

मी ध्वनीचे काम करतो आणि इतका वेळ वाचताना सतत एकच प्रश्न पडत होता, या शॉटखाली संगीत आहे का आणि ते कुठे थांबते? भिंत पडण्याआधी संगीत थांबवले, तर ते थांबणेच "आता काहीतरी होणार" असे सांगते आणि ती चोवीस फ्रेमची समाधानाची जागा फुकट जाते. संगीत निर्धास्त चालू राहू द्यावे आणि ७८ व्या फ्रेमला आपटण्याच्या आवाजानेच ते तोडावे. लाकूड कडकडण्याचा आवाजही आधी ठेवू नये.

त्यानंतरच्या शांततेबद्दल एक सांगायचे आहे. ती पूर्ण निःशब्द ठेवू नका. आवाजाच्या पट्टीत काहीच नसेल, तर पाहणाऱ्याला फाइल बिघडली असे वाटते आणि तो मनाने शॉटबाहेर जातो. मोकळ्या जागेतल्या हवेचा बारीक आवाज ठेवा, तोही भिंत असतानाच्या खोलीतल्या आवाजापेक्षा वेगळा. भिंत गेल्यावर बाहेरचे जग ऐकू येऊ लागते, या एका बदलामुळे विराम भरलेला वाटतो आणि अठ्ठावीस फ्रेम लांब वाटत नाहीत. खिळ्यावर चित्र किंचित करकरले, तर आणखी चांगले, पण तो आवाज १०० व्या फ्रेमच्या आधी नको.

लयीकडेही पाहा. २४ फ्रेमला एक सेकंद, म्हणजे १२ फ्रेमचा ठोका हा मिनिटाला १२० ठोक्यांचा होतो. आपले संगीत त्या लयीत असेल आणि भिंत बरोबर ठोक्यावर आपटली, तर ती संगीताचाच भाग वाटेल. धक्का हवा असेल, तर ती ठोक्याच्या चार-पाच फ्रेम अलीकडे किंवा पलीकडे आपटावी. चित्र सरळ करण्याची हालचाल मात्र मी ठोक्यावर ठेवेन, कारण तिथे माणसाच्या जगात पुन्हा व्यवस्था आलेली आहे.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. मी जुनाकागद यांच्या आकड्यांप्रमाणे बदल केले आणि दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे शॉट १८८ फ्रेमचा झाला आणि संगीताच्या हिशेबाने मला ७ सेकंदांपेक्षा जास्त देता येत नाहीत. दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. ७९ ते १०६ मध्ये माणूस पुतळ्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये पोझ नोंदवणाऱ्या दोन सारख्या 'की' ठेवल्या, तरी मधे हात हळूच वर जाऊन खाली येतो, आणि ती हालचाल काढली की तो मेल्यासारखा वाटतो.

जुनाकागद

पहिली अडचण सोपी आहे. हात काढून घेण्याच्या पहिल्या २० फ्रेम पूर्ण वगळा. हात काढून झालेले आहेत अशाच पोझवर शॉट सुरू करा. १८८ मधून २० गेल्या की १६८ उरतात, म्हणजे बरोबर ७ सेकंद. वेळ कमी करायचा असला की आपण सगळे सवयीने विराम कापतो, कारण तिथे काही घडत नसते आणि तोच शॉट शंभर वेळा पाहून आपल्याला कंटाळा आलेला असतो. प्रेक्षक तो पहिल्यांदा पाहतो. कापायचे ते घडणाऱ्या गोष्टीतून कापावे.

हात वर जाऊन खाली येतो, ती सॉफ्टवेअरची वक्ररेषा दोन की ओलांडून पुढे फुगल्यामुळे. ग्राफ एडिटरमध्ये त्या दोन की मधल्या स्पर्शिका सपाट करा, हात थांबेल. पण तेवढ्याने तो पुतळाच होईल. हाताने काढलेल्या चित्रपटात एकच चित्र एक सेकंद थांबले तरी डोळा ते सहन करतो, थ्रीडीमध्ये तेच दहा-बारा फ्रेमनंतर निर्जीव दिसू लागते. म्हणून दुसरी की पहिलीची नक्कल ठेवू नका. पोझ त्याच दिशेने अगदी थोडी पुढे न्या. समाधानाच्या पोझमध्ये छाती जितकी फुगली असेल, त्याच्या दोन-तीन टक्के अधिक, बस. भिंत पडल्यानंतरच्या विरामात मात्र उलटे करा. छाती आणि खांदे खरोखर थांबवा आणि फक्त पापणी जिवंत ठेवा. त्याआधी तो श्वास घेत होता, म्हणून इथे त्याने श्वास रोखला आहे असे दिसेल. दोन्ही विराम सारखेच जिवंत ठेवले, तर हा फरक हाती लागणार नाही.

पारिजात

मांजराचा प्रश्न सुटला. ते परत कपाटावर जातच नाही. स्टिकर सुरू होतो तेव्हा ते जमिनीवर बसून आपल्याकडे पाहते आणि तिथूनच कपाटावर उडी मारायला जाऊन पडते. मला कपाटावरून नव्हे, कपाटाकडे उडी मारायला हवी होती.

रेघोटी

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. हा शॉट आधी न पाहिलेल्या सहा जणांना मी तो एकेकट्याने दाखवला, आणि तिसरा_ठोका यांनी खासगी निरोपातून सुचवल्याप्रमाणे पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. भिंत आपटल्यावर दोघांना लगेच हसू आले. तिघांना डोळे खाली जाऊन परत वर आले तेव्हा आले आणि मान कलताना ते वाढले. सहाव्या व्यक्तीला चित्र सरळ करेपर्यंत काहीच वाटले नाही, आणि मग ती मोठ्याने हसली. भिंत मी दहा फ्रेमवर आणली आहे आणि धुरळा गुडघ्याखाली ठेवला आहे. क्लोजअपची आवृत्ती अजून केलेली नाही.

आता नवा प्रश्न आहे. चित्र सरळ झाल्यावर ते पडावे का? माझ्या एका मित्राच्या मते तिथे शेवटचा धक्का हवा. सरळ केल्यावर बारा फ्रेम थांबून चित्र धाडकन खाली पडते, अशी आवृत्ती मी करून पाहिली. हसू येते, पण कमी येते.

तिसरा_ठोका

कमी येते, कारण तो आवाज आपण आधीच खर्च केला आहे. एकच प्रकारचा धक्का दुसऱ्यांदा लहान वाटतो.

मितभाषी

मी पाडेन, पण लगेच नाही. पुढच्या दोन शॉटमध्ये माणूस दुसरेच काही करत असताना, चौकटीबाहेरून फक्त आवाज ऐकवेन.

जुनाकागद

मी ते पाडणार नाही. चित्र पडले, तर ते इतका वेळ हवेत राहिले ती निव्वळ उशिराची गोष्ट ठरते, आणि माणसाने ते सरळ केले याला अर्थ उरत नाही. मितभाषी यांचा उपाय मात्र मोहात पाडणारा आहे. रेघोटी, तो आवाज किती फ्रेमनी यावा हे ठरवण्याआधी आपल्या पुढच्या दोन शॉटमध्ये काय घडते ते इथे लिहाल का?